कितीपैकी किती?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रोजेक्ट म्हणून काही ना काही केलेलं असणार, कोणाचं ॲप, कोणाचं यूट्यूब चॅनल, कोणाचं फेस्टचं इन्स्टा पेज, आणि प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात असतं, आमचे एवढे डाउनलोड, एवढे फॉलोअर. अशा आकड्यांना व्हॅनिटी मेट्रिक म्हणतात, एरिक रीस नावाच्या अमेरिकन उद्योजकाने २००९ च्या सुमारास हा शब्द चांगलाच रुळवला. आज इथे ऐरोलीत तुमच्यासमोर मला त्यातला एकच मुद्दा नीट मांडायचाय. हे आकडे खोटे नसतात, पण त्यांना खाली छेदच नसतो. किती ते सांगतात, कितीपैकी किती ते नाही सांगत.

एक उदाहरण घेऊ, आकडे मी हिशोब सोपा पडावा म्हणून मनानेच घेतलेत. समजा तुम्ही चौघांनी डब्याचं ॲप काढलं. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली इकडे पीजीत राहणाऱ्या मुलांना रात्री काय खायचं हा रोजचा प्रश्न, म्हणजे गिऱ्हाईक आहेच. तुम्ही ठाणे स्टेशनबाहेर पॅम्प्लेट वाटली, पहिल्या डब्याला कूपन दिलं, दर आठवड्याला २०० नवीन मुलं यायला लागली आणि प्रत्येकाने कूपनवर एक डबा मागवलाच. आठ आठवड्यांत १६०० युजर झाले, ग्राफ सरळ वर चाललाय, कुठे खड्डा नाही काही नाही.

पण हा ग्राफ खाली येऊच शकत नाही, कारण ती आजपर्यंतची बेरीज आहे, एकदा आलेला माणूस परत कधी फिरकला नाही तरी त्यातून वजा होत नाही. ठाण्याहून सुटलेल्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये प्रत्येक स्टेशनला चढले किती तेवढंच मोजलं आणि उतरले किती ते सोडून दिलं, तर वाशीला गाडीत किती माणसं आहेत हे कसं कळणार?

म्हणून या धंद्यातली माणसं काय करतात, ज्या आठवड्यात माणूस पहिल्यांदा आला त्यावरून त्याची बॅच पाडतात, याला कोहोर्ट म्हणतात, आणि मग एकेका बॅचचा पाठपुरावा करतात. तुमच्या पहिल्या बॅचचे २०० जण घ्या. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या ६० जणांनी डबा मागवला, तिसऱ्यात ३०, चौथ्यात १६, आणि पाचव्यापासून पुढे १० वर येऊन थांबलं. बाकीच्या बॅचही तशाच वागल्या असं धरू. आता आठव्या आठवड्यात डबा मागवणारे किती? आठवी बॅच २००, सातवीचे ६०, सहावीचे ३०, पाचवीचे १६, आणि पहिल्या चार बॅचचे दहा-दहा म्हणजे ४०. टोटल ३४६, आणि त्यातले २०० तर कूपनवाले नवीनच! स्लाइडवर १६००, प्रत्यक्षात स्वतःहून परत आलेले १४६.

आता पॅम्प्लेटचे पैसे संपले आणि नवीन माणूस यायचा थांबला असं समजा. नवव्या आठवड्यात १५६ जण मागवतील, दहाव्यात १०६, अकराव्यात ८६ आणि बाराव्यात ८०. आणि या सगळ्या काळात तुमची स्लाइड १६०० च म्हणत राहणार. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण मुलं महिनोन्‌महिने राबतात, ग्राफ वर जातोय म्हणून खूश असतात आणि पैसे संपल्यावर एकदम कळतं की आत कोणी थांबतच नव्हतं, जे खरं तर तिसऱ्या आठवड्यातच दिसलं असतं.

मग लक्ष कशाकडे द्यायचं, तर बॅचची रेघ कुठे सपाट होते त्याकडे. इथे २०० पैकी १० वर, म्हणजे ५ टक्क्यांवर ती थांबली. ५ टक्के कमीच आहे, पण शून्यावर गेली नाही हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्या दहा जणांना तुमचा डबा खरोखर लागतो. त्यांना फोन करा. कदाचित सगळे उशिरा शिफ्ट संपणारे निघतील, किंवा सगळे एकाच काकूंकडचा डबा मागवणारे निघतील, आणि तसं निघालं तर पुढची पॅम्प्लेट कुठे वाटायची ते तुम्हाला कळलं.

बदल केला तर फरक पडला का, हेही बॅचवरूनच कळतं. समजा पाचव्या बॅचपासून तुम्ही दुपारपर्यंत ऑर्डर रद्द करायची सोय दिली. एकूण युजरच्या ग्राफमध्ये त्याचा मागमूसही दिसणार नाही, पण दुसऱ्या आठवड्यात परत येणारे ६० चे ९० झाले तर बॅचच्या तक्त्यात ते लगेच दिसेल. ६० चे ६६ झाले तर मात्र पार्टी करू नका. २०० माणसांत काहीही न बदलता, नुसत्या योगायोगानेच हा आकडा ४८ ते ७२ च्या मध्ये सहज फिरतो, तेव्हा ६६ वरून काहीच म्हणता येत नाही. आणि ९० झाले तरी आधी कॅलेंडर बघा, आधीच्या बॅचच्या दुसऱ्या आठवड्यात गणपतीची सुट्टी लागून पीजी रिकामे होते का, परीक्षा होती का, कारण मग दोन बॅचची तुलनाच चुकते.

छेद असला म्हणजे झालं असंही नाही, तो बरोबर पाहिजे. फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये कबूल केलं की जाहिरातदारांना ते व्हिडिओ पाहण्याचा जो सरासरी वेळ दाखवत होते तो साधारण दोन वर्षं फुगलेला होता. झालं असं की छेदात फक्त ३ सेकंद किंवा जास्त पाहणारेच धरले होते, त्याआधी स्क्रोल करून निघून गेलेले गायब. दहा जण घ्या, चौघे एका सेकंदात पुढे गेले, सहा जणांनी १६ सेकंद पाहिलं, एकूण १०० सेकंद झाले. खरी सरासरी १०, पण १०० ला ६ ने भागलं की जवळजवळ १७. एका मोठ्या जाहिरात कंपनीला तेव्हा सांगितलेला फुगवटा ६० ते ८० टक्के होता, म्हणजे आपल्या या उदाहरणासारखाच. जे लवकर निघून गेले त्यांनाच वगळलं की कुठलीही सरासरी छान दिसते.

तुमच्या डब्यातही हाच फसवा रस्ता आहे. परत येणं म्हणजे ॲप उघडणं धरलं तर नोटिफिकेशन पाठवून तो आकडा हवा तेवढा वाढवता येतो, म्हणून डबा मागवणं हेच धरायचं. आणि काळही त्या गोष्टीला साजेसा पाहिजे, डब्याला आठवडा ठीक आहे, पण ॲडमिशनच्या फॉर्मचं ॲप लोक वर्षातून एकदाच उघडतात, तिथे आठवड्याचं रिटेन्शन, म्हणजे परत येणाऱ्यांचं प्रमाण, मोजलं तर चांगलं ॲपसुद्धा मेलेलं दिसेल.

हे करायला मोठं सॉफ्टवेअर काही लागत नाही, एक्सेलची एक शीट पुरते, आडव्या ओळीत बॅच आणि उभ्या कॉलममध्ये आठवडे. फक्त प्रत्येक ऑर्डरसोबत युजरचा नंबर आणि तारीख पहिल्या दिवसापासून साठवा, कारण बरेच जण रोजची टोटल तेवढी लिहून ठेवतात आणि कोण कधी पहिल्यांदा आलं हे त्या टोटलमधून नंतर काहीही केलं तरी काढता येत नाही.