बॅकअप 'यशस्वी', मग उशीर का?

डिस्क एकतर चालते किंवा मरते, असा बहुतेकांचा समज असतो. कालपर्यंत ठणठणीत होती, आज सकाळी गेली! पण फिरती हार्डडिस्क अनेकदा अशी एका क्षणात जात नाही. ती आधी कितीतरी दिवस अडखळत असते आणि अडखळणं लपवण्यात ती अतिशय वाकबगार असते. हे मला नीट कळलं ते एका मैत्रिणीमुळे. ती एका रुग्णालयाच्या संगणक विभागात तंत्रज्ञ आहे.

तिच्याकडे एक्स-रे आणि स्कॅनच्या जुन्या प्रतिमांचा साठा आहे, साधारण 1.6 टेराबाइटचा. तो चार डिस्कच्या रेड-5 रचनेवर ठेवलेला. म्हणजे माहितीचे तुकडे चारही डिस्कवर वाटलेले आणि सोबत थोडा हिशेबाचा जादा मजकूर, ज्यामुळे एखादी डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो. रोज रात्री फक्त बदललेल्या फायलींचा बॅकअप व्हायचा, रविवारी मात्र सगळ्या साठ्याचा. रोज सकाळी लॉगच्या शेवटच्या ओळीत 'यशस्वी' आहे ना, एवढं बघायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

एका सोमवारी तिची नजर त्या शब्दाऐवजी वेळेवर गेली. रविवारचं काम एरवी 4 तास 10 मिनिटांत आटपायचं. मागच्या तीन रविवारी 4:18, 4:30 आणि 4:51 लागले होते. मधल्या रात्री मात्र सगळं जिथल्या तिथे. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "अगं, डेटा वाढला असेल. आणि यशस्वी लिहिलंय ना?"

डेटा वाढला होता खरा, पण आठवड्याला फक्त 6 गीगाबाइट. तिथलं नेटवर्क सेकंदाला सुमारे 110 मेगाबाइट वाहून नेतं, म्हणजे त्या वाढीला एक मिनिटसुद्धा पुरेसं होतं. मग तिने लॉग फोल्डरगणिक उलगडून वाचला. डावीकडे सुरू झाल्याची वेळ, उजवीकडे त्या फोल्डरचा वेग:

```
02:38  xray/2014/03   110 MB/s
02:40  xray/2014/04    14 MB/s
02:54  xray/2014/05     9 MB/s
03:16  xray/2014/06    20 MB/s
03:26  xray/2014/07   110 MB/s
```

जादाची 41 मिनिटं या तीन फोल्डरांतच मुरली होती.

आता दोन शक्यता उरतात. पावणेतीनच्या सुमारास दुसरं काहीतरी काम, समजा व्हायरस तपासणी, मध्ये येत असेल. नाहीतर दोष त्या फोल्डरांच्या जागेतच असेल. हे ठरवायला तिने जे केलं ते मला फार आवडलं. पुढच्या रविवारी तिने बॅकअप एक तास उशिरा सुरू केला. वेग पावणेतीनला पडला असता तर दोष घड्याळाचा, पावणेचारला पडला असता तर जागेचा. तो पावणेचारलाच पडला, त्याच तीन फोल्डरांवर. त्याआधी कुणीतरी 'एकदा बंद करून चालू कर' हा नेहमीचा मंत्रही टाकून पाहिला होता. चकतीवर उठलेल्या ओरखड्याला त्या मंत्राचं काय?

आता त्या चकतीच्या आत डोकावू. डिस्कवर माहिती सेक्टर नावाच्या छोट्या घरांत असते, 512 किंवा 4096 बाइटच्या. प्रत्येक घरासोबत दुरुस्तीसाठी जादा बिट्स लिहिलेले असतात, म्हणून थोडं पुसट वाचलं गेलं तरी गणिताने मूळ मजकूर मिळतो. मजकूर फारच पुसट असला तर डिस्क थांबते आणि चकती पूर्ण फिरून तेच घर पुन्हा वाचणाऱ्या डोक्याखाली येण्याची वाट पाहते. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120, म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर तिसऱ्यांदा, मग डोकं केसभर सरकवून चौथ्यांदा. शेकडो फेऱ्यांनंतर कधीतरी नीट वाचलं जातं आणि डिस्क निमूट मजकूर पुढे सरकवते. मागणाऱ्याला मजकूर अचूक मिळालेला असतो, त्यामुळे बॅकअपच्या लॉगमध्ये चूक म्हणून नोंदच होत नाही. उरतो तो फक्त गेलेला वेळ.

हिशेब करून पाहा. एका घरापाशी डिस्क दोन सेकंद घुटमळली असं धरलं तर 240 फेरे वाया गेले. तेवढ्या वेळात नेटवर्कवरून 220 मेगाबाइट गेले असते. तुकडे चारही डिस्कवर वाटलेले असल्याने एक थांबली की बाकीच्या तिघीही थांबतात. 41 मिनिटं म्हणजे 2460 सेकंद, म्हणजे दोन-दोन सेकंदांच्या हिशेबाने सुमारे बाराशे ठेचा. आणि दर आठवड्याला त्यात नव्या घरांची भर पडत होती.

रेडसाठी बनवलेल्या डिस्क बहुधा सात सेकंदांच्या आसपास प्रयत्न सोडून देतात आणि 'वाचता येत नाही' असं सांगून मोकळ्या होतात. मग वरची रचना इतर तिघींवरून मजकूर काढते आणि त्या घटनेची नोंद होते. इथे अडचण अशी की आजारी डिस्क त्या मर्यादेच्या अलीकडेच कशीबशी पास होत होती.

रोजच्या रात्रींना हे दिसलं नाही याचं कारणही आता उघड आहे. 2014 चे एक्स-रे कुणी बदलत नाही, क्वचितच कुणी उघडतं. त्या घरांवरून डोकं फिरायचं ते फक्त रविवारी रात्री.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या काही नोंदी ठेवते, मग तिने एकेका डिस्कला त्या विचारल्या. तिसऱ्या डिस्कचं उत्तर, कामापुरतं कापून:

```
smartctl -H -A /dev/sdc

overall-health: PASSED
  5 Reallocated_Sector_Ct    312
197 Current_Pending_Sector    48
```

पहिली ओळ वाचून हसावं की रडावं कळेना. 312 घरं सोडून मजकूर राखीव जागेत हलवलेला, आणखी 48 संशयित, तरी डिस्क 'पास'. हा शेरा उत्पादकाने ठरवलेल्या उंबरठ्यावर अवलंबून असतो आणि तो उंबरठा फार सैल असू शकतो. 'बिघाडाची आगाऊ सूचना' अशी जाहिरात वाचताना हे लक्षात ठेवावं. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या चार सर्वांत बोलक्या नोंदी शेवटपर्यंत शून्यच होत्या. म्हणजे हे आकडे वाढले तर घाबरावं, शून्य असले तरी निर्धास्त राहू नये.

सर म्हणाले, "काढ ती डिस्क आणि नवी घाल." तिने ऐकलं नाही. आजारी डिस्क काढली की जादा मजकुराचं संरक्षण संपतं आणि नवी भरण्यासाठी उरलेल्या तिघींवरचं घर न् घर वाचावं लागतं. त्यांच्यातही असं एखादं न वाचलेलं, बिघडलेलं घर निघालं तर तो तुकडा कुठूनच मिळत नाही. शिवाय बॅकअपने डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचलेला नसतोच. तो फायली वाचतो. हिशेबाच्या जादा मजकुराला तो सहसा हातही लावत नाही.

म्हणून तिने आधी रविवारच्या बॅकअपमधून त्या तीन फोल्डरांच्या प्रतिमा वेगळ्या जागी उतरवून उघडून पाहिल्या. मग नवी डिस्क पाचव्या खाचेत बसवली आणि जुनी जागेवर ठेवूनच तिची नक्कल सुरू केली:

```
mdadm /dev/md0 --add /dev/sde
mdadm /dev/md0 --replace /dev/sdc --with /dev/sde
```

या पद्धतीत मजकूर जुन्या डिस्कवरून थेट नवीवर जातो, आणि जे घर वाचता येत नाही तेवढंच इतर तिघींवरून काढलं जातं. नक्कल पूर्ण झाल्यावर तिने चारही डिस्क कोपऱ्यान् कोपरा वाचून पडताळण्याचं काम महिन्यातून एकदा लावून दिलं. बॅकअपनंतर येणाऱ्या पत्रात 'यशस्वी' या शब्दाशेजारी दर फोल्डरचा वेगही येऊ लागला.

पुढच्या रविवारी काम 4 तास 11 मिनिटांत संपलं. ते एक मिनिट वाढलेल्या डेटाचं होतं, आणि सरांनी तेवढं बरोबर लक्षात आणून दिलं.