पंपासाठीचा ड्रमचा तराफा: त्यावर किती वजन ठेवावे?

गिरणा, हतनूर किंवा वाघूर धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलणारे आमचे बहुतेक ग्राहक तराफा घेताना एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे "हा किती वजनाला बुडेल?" वास्तविक तराफा बुडण्याच्या कितीतरी आधी कलंडतो, त्यामुळे कलंडण्यापासून तो किती वजनापर्यंत सुरक्षित आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. आमच्या नेहमीच्या बारा ड्रमच्या तराफ्याचा हिशेब येथे मांडला आहे, तो घरी एकदा कागदावर करून पाहावा.

साडेपाच मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद असलेल्या या तराफ्याच्या दोन्ही लांब कडांखाली २०० लिटरचे सहा-सहा प्लॅस्टिकचे ड्रम आडवे बांधलेले असतात. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो असल्याने, पूर्ण बुडालेला एक ड्रम साधारण २०० किलो उचलून धरतो, म्हणजे बारा ड्रम मिळून २४०० किलो. त्यातून लोखंडी सांगाडा, फळ्या आणि ड्रम यांचे स्वतःचे सुमारे ६०० किलो वजा जातात. उरलेले १८०० किलो तराफ्याची क्षमता म्हणून सांगणारे विक्रेते बाजारात भेटतात, पण तो आकडा ड्रम पूर्ण बुडाल्यानंतरचा आहे.

आम्ही ड्रम निम्मा बुडेपर्यंतच भार धरतो, म्हणजे एकूण १२०० किलो, आणि त्यातून स्वतःचे वजन काढले की वर ठेवण्यासाठी ६०० किलो उरतात. निम्म्याचाच आग्रह का, हे ड्रमच्या गोल आकारात दिसते. आडवा ड्रम मध्यापर्यंत बुडाला की पाण्याच्या पातळीवर तो सर्वांत रुंद असतो आणि तेथे तराफ्याला एक सेंटीमीटर खाली नेण्यास साठ किलोंच्या आसपास वजन लागते. मध्याच्या वर पाणी चढू लागले की ही रुंदी कमी होत जाते, आणि तेवढ्याच वजनाने तराफा अधिकाधिक दबत जातो.

हे ६०० किलोही वजन मध्यावर असेल तरच खरे. समजा मोटार, पंप, पाइप व स्टार्टर मिळून २५० किलो बरोबर मधोमध बसवले आहेत. आता तराफ्याचे स्वतःचे वजन धरून ड्रमच्या प्रत्येक रांगेवर ४२५ किलो आहेत आणि रांगेची निम्मी मर्यादा ६०० किलो आहे. पंप अडकला म्हणून पाच माणसे एकाच कडेला उभी राहिली, तर त्यांचे ३७५ किलो वजन त्या बाजूच्या रांगेवर सुमारे ४३७ किलो म्हणून पडते. कडा रांगेच्या मध्यरेषेच्या बाहेर असल्याने तरफेसारखा परिणाम होऊन पलीकडची रांग त्या जादा बासष्ट किलोंनी हलकी होते. जवळची रांग ८६० किलोंच्या पुढे जाते, दोन्ही बाजूंत एकोणीस सेंटीमीटरांचा फरक पडतो, आणि ओल्या फळीवर तेवढा उतार पाय घसरण्यास पुरेसा आहे. म्हणून कडेला एका वेळी दोनच माणसे असावीत. त्या हिशेबाने रांग बरोबर ६०० किलोंवर येते. पंप चालू असताना पाण्याच्या वर असलेल्या चार इंची पाइपात प्रत्येक मीटरला जवळपास आठ लिटर पाणी भरलेले असते. त्यातला जेवढा भार तराफ्यावर येतो, तोही धरावा.

ड्रमची दोन बुचे झाकणावर समोरासमोर असतात. ती आडव्या रेषेत येतील असा ड्रम बांधला की दोन्ही बुचे मध्याच्या उंचीवर राहतात आणि भार मर्यादेत असेल तर पाण्याच्या वर दिसतात. सुरुवातीच्या काळात आम्ही ती वर-खाली ठेवत असू. मे महिन्याच्या उन्हात ड्रममधली हवा तापून थोडी बाहेर पडे, रात्री ती आकसली की खालच्या बुचाच्या आट्यांतून पाणी आत ओढले जाई, आणि आठवडाभरात एखादा ड्रम जड होई. बूच पाण्याखाली गेलेले दिसल्यास वजन कमी करावे.

याची तपासणी दर पंधरा दिवसांनी, सकाळी वारा नसताना, पंप बंद व तराफा रिकामा ठेवून करावी. चारही कोपऱ्यांच्या ड्रमवर रंगाची खूण असते, तेथून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. एक कोपरा आधीच्या मापापेक्षा तीन सेंटीमीटरहून अधिक खाली असेल, तर तेथील ड्रममध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. कोपऱ्यातला ड्रम पूर्ण भरला तर हा फरक आणखी वाढतो. मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरून तराफ्याची एक बाजू गाळावर टेकली असेल, तर हे माप फसवे ठरते. त्याला आधी खोल पाण्यात ओढावे आणि मगच मोजावे. ड्रम भरलेला आढळल्यास त्यावर माणूस उतरवू नये, तराफा काठाला आणून तो ड्रम बदलावा आणि तोपर्यंत पंप सुरू करू नये.