आजारी चेहऱ्याचा फोटो आणि रिटचिंगची जुनी पेन्सिल

कोल्हापुरात फोटोच्या दुकानात बसलं की हे गिऱ्हाईक अधूनमधून येतंच. हातात मोबाइल, त्यात दोन-चार महिन्यांपूर्वीचा फोटो, आणि मागणी एकच: "काका, तेवढी सूज काढा की." फोटो बहुतेक वेळा तेराव्याला फ्रेम करायचा असतो. जुने फोटो घरात असतात, पण ते लग्नातले किंवा कॉलेजातले. आई गेली ती साठीची, आणि साठीतली आई आजाराशिवाय कुणी टिपलेलीच नसते.

ही मागणी मोबाइलइतकी नवी नाही. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगल या फोटोग्राफरनं 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात हात फिरवलेली निगेटिव्ह मांडली, तेव्हापासून रिटचिंगचा धंदा उघड सुरू झाला. काचेच्या प्लेटवर डामर नावाचा झाडाचा डिंक टर्पेंटाइनमध्ये विरघळवून फासायचा, प्लेट तिरक्या डेस्कवर ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल चालवायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. डोळ्याखालचं काळं तिथं पारदर्शक दिसतं. पेन्सिलीनं ते भरलं की छापात ती जागा उजळते. काळोख वाढवायचा असेल तर पात्यानं काचेवरचा इमल्शनचा थर हलका खरवडायचा. पेन्सिल चुकली तर पुसता येई, खरवडलेलं परत येत नसे. म्हणून जाणता कारागीर पातं शेवटी उचलायचा.

पण या सगळ्याची गरज मुळात का पडली? त्या काळची प्लेट फक्त निळा-जांभळा उजेड ओळखायची. तांबडं आणि पिवळं तिला जवळजवळ दिसतच नसे. गालावरची लाली डागासारखी काळी यायची, कावीळ झालेला माणूस पिवळा नव्हे तर काळवंडलेला यायचा, आणि आपल्याकडचा गव्हाळ वर्ण तर नेहमीच एक पायरी जास्त सावळा. 1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेलनं इमल्शनमध्ये रंगद्रव्य घालून प्लेटला हिरवा-पिवळा उजेड दिसायला लावला. तांबडा नीट दिसू लागायला आणखी बराच काळ गेला. म्हणजे पेन्सिल पुष्कळदा माणसाचा दोष काढत नव्हती, प्लेटनं केलेला अन्याय दुरुस्त करत होती. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मास्तर हेच विचारायचे: "हे चेहऱ्यावर हाय, का काचेनं केलंय?" आधी काचेचं काढायचं, मग चेहऱ्याकडं बघायचं. काच गेली, प्रश्न राहिला.

गावही असं होतं की हात फिरवणाऱ्याला तोटा नव्हता. बाबूराव पेंटरांच्या पिढीपासून नाटकाचे पडदे, पुढं सिनेमाची पोस्टरं रंगवणारे हात इथं होते. असे हात काळ्यापांढऱ्या एन्लार्जमेंटवर कापसाच्या बोळ्यानं पातळ तैलरंग चढवायलाही तयार असत. गाल गुलाबी, ओठ लाल, लुगडं हिरवं. मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोवर उघडे डोळे रंगवण्याचा प्रकारही त्या काळी चालायचा. अशा फोटोतली नजर कुठं बघते ते कधीच कळत नाही.

मागच्या वर्षी आलेलं एक काम सांगतो. बाईंना मूत्रपिंडाचा आजार होता, काही महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. फोटो नातवाच्या बारशाचा. चेहरा गोल, पापण्या जड, रंग पिवळट पांढरा. मुलगा म्हणाला, "आई अशी नव्हती, पार पहिल्यासारखी करा." मुलगी गप्प होती.

मास्तरांचा प्रश्न लावून बघितला. फोटो मांडवात काढलेला, वर पिवळं कापड, दुपारचं ऊन त्यातून गाळून आलेलं. शेजारच्या माणसाचा पांढरा सदराही पिवळाच होता. त्या सदऱ्यावरून व्हाइट बॅलन्स लावला आणि निम्मा पिवळटपणा तिथंच गेला. दुसरं, बाई ग्रुपच्या अगदी कडेला बसलेल्या. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या मापाची, रुंद पल्ल्याची. तिच्यात कडेचा चेहरा आडवा ताणला जातो. खूण अशी की दुसऱ्या टोकाला कडेला उभ्या असलेल्या धडधाकट जावयाचं डोकंही आडवंच दिसत होतं. तो ताण काढल्यावर बाईंचा गाल बोटभर आत आला. अजून आजाराला मी हात लावलेला नव्हता.

उरलं ते खरं आजाराचं. इथं नवशिके फोटोशॉपातलं Liquify उघडतात आणि गाल आत ढकलतात. त्यानं जबडा निमुळता होतो, पण चेहरा परका होतो, आणि मागची खिडकीची चौकट वाकते ती वेगळीच. सूज आपल्याला आकारापेक्षा उजेडातून जास्त कळते. कातडी ताणली की तुकतुकीत होते, गालाच्या हाडाखालची सावली बुजते, नाकाकडून ओठाकडं येणारी घडी पुसली जाते. म्हणून मी गालावरची चकाकी थोडी उतरवली आणि तीन वर्षांपूर्वीच्या आधार कार्डाच्या फोटोत बघून हाडाखालची सावली परत आणली. आकाराला अगदी शेवटी हात लावला, तोही नाममात्र. फिकटपणासाठी सगळ्या चेहऱ्यावर तांबडं चढवलं तर उन्हानं भाजल्यासारखं दिसतं. रक्त कमी झाल्याचं ओठ आणि कानाच्या पाळ्या सांगतात. उजेड-रंग बदलणारा Curves चा थर मास्क करून तेवढ्याच जागी, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या जोरानं लावला. पापण्या थोड्या जड राहू दिल्या. त्या उचलल्या तर डोळ्यातला उजेडाचा ठिपका हलतो आणि बघणंच बदलतं.

काही फोटोंना मात्र मी हात लावत नाही. डॉक्टरांना दाखवायचा असेल तर सूज आणि रंग हीच त्यातली माहिती असते. ओळखपत्राला किंवा पेन्शनच्या कागदाला लावायचा असेल तर समोरचं माणूस आणि फोटो जुळायला हवेत. आणि माणूस हयात असेल तर त्यालाच विचारतो, मुलांना नाही. केमोनं केस गेलेल्या एका आजीनं फोनवर मला सुनावलं होतं, "डोक्यावर पदर हाय की माझ्या, केस कशाला लावतोस?" वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसाचा सुजरा चेहरा नातवंडांसाठी आजोबांचा एकमेव चेहरा असतो, तोही तसाच ठेवतो. मूळ फाइल कधी पुसत नाही, पेनड्राइव्हवर दुरुस्त केलेल्याच्या शेजारी देतो.

बारशाच्या फोटोची प्रत मुलाला पसंत पडली. मुलीनं स्क्रीन जवळ ओढली आणि मांडीवरच्या हाताकडं बोट दाखवलं. चेहऱ्याची सूज उतरवली होती, हात विसरलो होतो. मनगट तसंच फुगलेलं, बोटं एकमेकाला टेकलेली. चेहरा आणि हात दोन वेगळ्या बायकांचे दिसत होते. मी म्हटलं, "हात पण करून देतो, ताई, दहा मिनिटांचं काम आहे."

"हाताचं राहू दे," ती म्हणाली. "आईच्या बांगड्यांचं माप सव्वादोन. बारशाला जुन्या चढेनात म्हणून महाद्वार रोडवरनं अडीचच्या मीच आणल्या होत्या, याच त्या. चेहऱ्याचंच थोडं मागं घ्या."

चेहऱ्यावरच्या कामाचा जोर निम्म्यावर आणला. आता तो हाताला जुळला.