अबायाची लांबी

अबाया व तत्सम पायघोळ झगा यांची लांबी खांद्याच्या वरच्या बिंदूपासून खालच्या काठापर्यंत धरतात. तयार अबायावरील 52, 54, 56, 58 हे आकडे सामान्यतः हीच लांबी इंचांत सांगतात; छातीच्या वा कमरेच्या मापाशी त्यांचा संबंध नसतो. लागोपाठच्या दोन मापांत 2 इंच, म्हणजे सुमारे 5 सेंमी. अंतर असते.

मापाचा आरंभबिंदू नेहमी खांदाच होता असे नाही. आखाती देशांतील जुनी अबाया डोक्यावरून घेत (अबायत अर्-रास). ती सैल, चौकोनी बेताची असल्याने तिची लांबी माथ्यापासून धरावी लागे. खांद्यावर बसणारी, बाह्यांची अबाया (अबायत अल्-कतिफ) शहरांत रूढ झाली ती साधारणतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. डोक्यावरच्या अबायाचे माप खांद्यावरच्या अबायाला लावल्यास ती वीतभर लांब होते.

काठ कोठवर असावा, याचा मूळ आधार म्हणून एक हदीस, म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्या वचनाची परंपरा, सांगितली जाते. स्त्रियांनी वस्त्राच्या काठाचे काय करावे, असे पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी विचारले असता तो एक वीत खाली सोडावा, असे उत्तर पैगंबरांनी दिले. तेवढ्याने पावले उघडी राहतील, असे त्यांनी म्हटल्यावर एक हात सोडावा, त्याहून अधिक नको, असे सांगण्यात आले. ही वीत व हा हात कोठून मोजावयाचा, याबाबत हदीसच्या भाष्यकारांत मतभेद आहेत. काही नडगीच्या मध्यापासून मोजतात, काही घोट्यापासून. घोट्यापासून हातभर मोजल्यास कापड बरेच जमिनीवर लोळते. नडगीच्या मध्यापासून मोजल्यास पाऊल झाकून थोडेच कापड उरते आणि उम्म सलमा यांच्या शंकेचे निरसनही होते. म्हणून पहिला अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. आजची शिलाई मात्र काठ जमिनीच्या किंचित वर ठेवते.

उंचीवरून माप काढण्याचा प्रचलित आडाखा म्हणजे इंचांतील उंचीतून 9 वजा करणे. हा अंदाजच होय, कारण वजा होणारा भाग डोके व मान यांचा असतो आणि तो सारख्या उंचीच्या दोघींतही वेगळा असू शकतो. 5 फूट 4 इंच (163 सेंमी.) उंचीच्या स्त्रीस या आडाख्याने 55 येतात, म्हणजे 54 व 56 यांच्या नेमके मध्ये. तेथे उंची निर्णय देत नाही. खांद्यापासून जमिनीपर्यंतचे माप देते.

हे माप अनवाणी उभे राहून, अबायाखाली घालावयाचे कपडे अंगावर ठेवून घेतात. टेपचे टोक मान व खांदा मिळतात त्या जागी धरून टेप छातीच्या उंच भागावरून सरळ जमिनीपर्यंत सोडावी, कमरेशी दाबू नये. माप दुसऱ्याने वाचावे. स्वतः वाकून पाहिल्यास खांदा खाली येतो व माप कमी भरते. खांद्याच्या बाहेरच्या टोकापासून मोजणे ही नेहमीची चूक. खांद्याच्या उतारामुळे तेथे काही सेंमी. कमी भरतात आणि अबाया आखूड होते. तयार अबायाही सपाट पसरून मानेलगतच्या त्याच बिंदूपासून मोजावी. मागच्या गळ्याच्या मध्यापासून मोजल्यास ती थोडी कमी भरते.

वरील स्त्रीचे माप 140 सेंमी. आले असे समजू. चपटी चप्पल तिला सुमारे 1 सेंमी. उंचावते आणि पाऊल उचलताना काठ पायात येऊ नये म्हणून 2 सेंमी. सोडावे लागतात : 140 + 1 − 2 = 139. 54 ची अबाया 137 सेंमी. भरते, म्हणून काठ जमिनीपासून 4 सेंमी. वर राहील, घोटा तरीही झाकलेला असतो. 56 ची (142 सेंमी.) जमिनीवर 1 सेंमी. लोळेल, म्हणून ती घेतल्यास 3 सेंमी. दुमडावी. हीच स्त्री टाचेचा बूट घालणार असेल आणि त्याने उंची 4 सेंमी. वाढत असेल, तर 140 + 4 − 2 = 142, म्हणजे 56 बिनदुमड. टाच जितकी उंच तितकीच अंगाची उंची वाढते असे नाही. पावलाचा पुढचा भाग खालीच राहतो व घोटा टाचेच्या थोडा पुढे असतो. म्हणून शक्य तेथे बूट घालूनच पुन्हा मोजावे. एकच अबाया दोन्हींवर वापरायची असल्यास लांबी चपट्या चपलेवरून ठरवावी, कारण आखूडपणा दिसतो एवढेच, लोळणारा काठ मात्र जिन्यावर पाय अडकवतो.

घेरदार, उरेब कापलेली अबाया स्वतःच्या वजनाने ओघळते, बहुधा बाजूंना अधिक. ती एक दिवस टांगून ठेवावी, मग काठ जमिनीपासून सभोवार मोजून आखावा आणि नंतरच दुमडावा.