शेवटच्या क्षणाची कलाटणी (रील)

शेवटच्या क्षणाची कलाटणी म्हणजे काही सेकंदांच्या चित्रफितीत प्रेक्षकाने तोवर लावलेला अर्थ अखेरच्या शॉटमध्ये पालटून टाकणारी पटकथेची रीत. चार्ली चॅप्लिनच्या ‘द इमिग्रंट’ (१९१७) या मूकपटाच्या आरंभी तिचा उत्तम नमुना सापडतो. जहाजाच्या कठड्यावर ओणवा झालेला चार्ली पाठमोरा दिसतो, त्याचे अंग हिसके देत असते आणि त्याला बोट लागली आहे अशी प्रेक्षकाची खात्री होते. तो वळतो तेव्हा त्याने गळाने पकडलेला मासा दिसतो. आधीची एकही हालचाल खोटी नाही, कारण मासा ओढतानाही अंग तसेच हलते.

अशी पटकथा शेवटाकडून लिहावी लागते. समजा, बारा सेकंदांच्या रीलमध्ये एक बाई चमचा पुढे करून म्हणते, ‘एकच घास, मग फिरायला जाऊ,’ आणि शेवटी कळते की ती आपल्या वृद्ध वडिलांना भरवत आहे. वाटीतला मऊ भात, गळ्याशी बांधलेला पंचा आणि ते वाक्य लहान मुलालाही लागू पडते आणि वडिलांनाही. मात्र खुळखुळ्याचा आवाज घातला किंवा तिच्या तोंडी ‘बाळा’ घातले, तर शेवट फसवणूक वाटतो. उलट, वडिलांचा सुरकुतलेला हात पाचव्या सेकंदाला फ्रेममध्ये डोकावला, तर शेवटी उलगडण्यासारखे काही उरत नाही.

सर्वाधिक चुका मात्र लपवण्याच्या अतिरेकातून होतात. गूढ वाटावे म्हणून आधीचे शॉट अंधारे किंवा तुटक ठेवले की प्रेक्षक कोणताच अर्थ लावत नाही, आणि मग पालटायला काही राहत नाही. याची परीक्षा सोपी आहे. गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला रील मध्येच थांबवून ‘काय चालले आहे?’ असे विचारावे. ‘आई मुलाला भरवते आहे’ असे ठाम पण चुकीचे उत्तर आले, तर बांधणी जमली आहे. ‘कळत नाही’ असे आले, तर आधीचे शॉट पुन्हा लिहिणे भाग आहे.

उलगड्याच्या शॉटमध्ये एकच नवी गोष्ट असावी. येथे ती वडिलांचा चेहरा ही आहे; त्यामुळे खोली, प्रकाश आणि चमचा तेच राहतात, आणि आधीच्या शॉटमध्ये चमचा जिथे थांबला होता तिथेच चेहरा येतो, म्हणजे नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. सेकंदाला ३० फ्रेम धरल्यास साडेदहाव्या सेकंदाला कट घेतल्यावर ४५ फ्रेम हाती राहतात. शब्दाविना ओळखू येणाऱ्या चेहऱ्याला तेवढा वेळ सहसा पुरतो. वाचायची ओळ त्यात घातली, तर डोळे तिच्याकडे वळतात आणि चेहरा निसटतो. संगीतही कटच्या आधी थांबवू नये, कारण त्या शांततेनेच प्रेक्षक सावध होतो.

रील संपताच आपोआप पुन्हा सुरू होत असल्याने दुसरे पाहणे जवळजवळ लगेच घडते, आणि पटकथेतील खोटा दुवा तिथे उघडा पडतो. मुखचित्र म्हणून वडिलांचा चेहरा निवडला असेल, तर मात्र पहिल्या पाहण्यातही कलाटणी शिल्लक राहत नाही.