आगीतही चालणारी केबल, आणि ती नेमकी कुठून न्यायची

मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून 8 जण गेले. आता सोलापुरात नवीन बिल्डिंगचा विषय निघाला की कुणीतरी छाती पुढे काढून सांगतंच, "आपण सगळी एफआरएलएस केबल टाकलीय!" चांगलंय, पण ती केबल फक्त आग पुढे पसरू देत नाही आणि धूर कमी करते, एवढंच. ती स्वतः जाळात सापडली की पीव्हीसी मऊ पडून जळतं, तारा एकमेकींना टेकतात आणि शॉर्ट, मग फायर पंप बंद, धूर ओढणारा फॅन बंद, फायर लिफ्ट पण बंद.

या तिघांना लागते ती फायर सर्व्हायव्हल केबल. हिच्यात तांब्यावर अभ्रकाची टेप गुंडाळलेली असते. वरचं प्लास्टिक जळून राख झालं तरी अभ्रक तारा वेगळ्या धरून ठेवतं. तांबं 1085 अंशाला वितळतं, ॲल्युमिनियम 660 लाच, आणि टेस्टच्या भट्टीतली आग अर्ध्या तासात 840 च्या वर जाते, म्हणून इथे ॲल्युमिनियम चालतच नाही.

आता माझा आवडता भाग. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, 900 अंशाला साधारण साडेचारपट होतो. समजा सात रस्त्याजवळच्या बिल्डिंगमध्ये 22 किलोवॅटचा फॅन आहे, करंट 40 अँपिअरच्या आसपास, केबल 10 स्क्वेअर एमएम, लांबी 80 मीटर. थंड असताना साधारण 8-9 व्होल्ट पडतात, म्हणजे 415 मधले 2 टक्के. यातले 20 मीटर आगीतून गेले तर ड्रॉप 16 वर जातो, तरी फॅन फिरेल. पण सगळे 80 मीटर जाळात सापडले तर जवळपास 40 व्होल्ट गेले, आणि हे चालू मोटरचं झालं, स्टार्टिंगला करंट सहापट असतो, टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, मग मोटर नुसती गुरगुरत बसते आणि ओव्हरलोड रिले पडून बंद होते. म्हणजे केबलचा साइज ठरवताना आगीतून जाणारी लांबी गरम धरूनच हिशोब करायचा, नुसता कॅटलॉग बघून नाही.

त्यापेक्षा ती लांबीच कमी करा की! वास्तुवाले मीटर रूम आग्नेय कोपऱ्यातच पाहिजे म्हणतात आणि पंप रूम असते दुसऱ्या टोकाला, मग केबल बेसमेंट पार्किंगच्या छताखालून, गाड्यांच्या डोक्यावरून नेली जाते. आग्नेय कोपरा आग थांबवत नाही हो. फायर रेटेड शाफ्टमधून न्या, दुसरा सप्लाय असेल तर तो वेगळ्या शाफ्टमधून, आणि पंप, फॅन, लिफ्टला सप्लाय देणारा फीडर मेन स्विचच्या आधीच वेगळा काढा, नाहीतर आग लागल्यावर कुणी मेन पाडलं की पंप पण गेला.

केबल महागाची आणि पट्ट्या प्लास्टिकच्या, हे तर सर्रास दिसतं. छताला प्लास्टिकच्या टायने बांधलेली केबल टाय वितळताच खाली येते, त्या हिसक्याने आधीच ठिसूळ झालेली अभ्रकाची टेप फुटते. क्लँप आणि ट्रे स्टीलचेच पाहिजेत, त्यांचे बोल्ट आणि छतातले अँकर पण, नायलॉनचे प्लग नकोत.