थळझाडा

मराठा अमदानीत गावातील शेतजमिनीचा थळवार तपशील देणारा हस्तलिखित दप्तरी कागद. काही ठिकाणी यालाच ‘ठिकाणझाडा’ म्हणत. गावची एकंदर जमीन किती, त्यांतून इनाम व पड वजा जाता लागवडीस किती उरते आणि ती कोणत्या थळात कोणाकडे आहे, एवढे या कागदावरून कळते. तो कुलकर्ण्याने मोडीत लिहायचा. एक प्रत त्याच्या घरच्या दप्तरात राही आणि तिच्या आधाराने देशपांडे व सरकारातील कागद तयार होत. घाटावरील पुणे, सातारा, अहमदनगर या भागांतील थळझाडे जास्त मिळतात, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्या भागापुरते आहे.

थळ म्हणजे एका मूळ कुळाकडे वा भाऊबंदांच्या एका जथ्याकडे असलेला जमिनीचा तुकडा. थळाला त्या कुळाचे आडनाव चिकटलेले असे आणि कूळ नाहीसे झाले तरी ते सुटत नसे. म्हणून झाड्यात एका आडनावाचे थळ आणि त्यात राबणारा, कायम हक्क नसलेला, भलत्याच आडनावाचा उपरी असे वारंवार दिसते. ज्याचा मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेला धारक, परागंदा झाला किंवा ज्याचा वंश खुंटला ते थळ ‘गतकूळ’ म्हणून लिहीत. ही विभागणी केव्हाची, यावर एकमत नाही. पुण्याचा पहिला कलेक्टर रॉबर्टसन (१८२१) आणि नंतर साइक्स यांनी गावोगाव चौकशी केली. थळे गाव वसले तेव्हाची, असा गावकऱ्यांचा समज त्यांनी टिपून ठेवला आहे. दुसरे मत थळांचा संबंध मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) जमीनव्यवस्थेशी जोडते. मलिक अंबरने जमीन प्रत्यक्ष मोजली की पाहणी करून अंदाजाने प्रतवारी ठरवली, हेच अद्याप वादात आहे. शिवाय थळांची नावे कुळांची आहेत, सरकारी क्रमाची नाहीत. तेव्हा थळे आधीची असून सरकारी बंदोबस्ताने ती कागदावर आणली असावीत, हे अधिक संभवनीय वाटते.

कागदाची मांडणी आजच्या हिशेबाच्या उलट असते. आधी बेरीज लिहायची, मग तिची फोड. ही रीत हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकाची, म्हणजे हिशेबलेखनाचे नियम सांगणाऱ्या पोथीची, म्हणून सांगितली जाते. मात्र मेस्तकाच्या उपलब्ध प्रती बऱ्याच उत्तरकालीन असल्याने ती थेट यादवकाळापर्यंत नेणे धाडसाचे होईल. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली मौजे, तर्फ, प्रांत व साल, त्याखाली एकंदर आकडा. मग ‘वजा’, ‘बाकी’, ‘पैकी’ यांपैकी एखाद्या शब्दाचे अक्षर आडवे लांब ओढून त्या रेघेखाली रकाने पाडतात. प्रत्येक रकान्यात पुन्हा तीच रीत. मोडी न अडखळता वाचणाऱ्यालाही हा उतार ध्यानात आला नाही, तर तोच आकडा दोनदा धरला जातो आणि गावची जमीन दुप्पट होते.

नमुन्यासाठी एक झाडा घेऊ. यातील आकडे समजुतीपुरते योजले आहेत, मांडणी मात्र दप्तरातलीच आहे. साल ‘सु॥ इहिदे सबैन मया व अलफ’. एकंदर जमीन १० चावर ६० बिघे. वजा ३ चावर १०० बिघे, त्यांत इनाम १५० बिघे व पड ३१० बिघे. बाकी ६ चावर ८० बिघे. पैकी तीन थळे, अनुक्रमे ३००, २७५ व २२५ बिघ्यांची.

पहिला प्रश्न असा, की या गावी चावर किती बिघ्यांचा धरला होता? चावराचे मान सगळीकडे सारखे नव्हते. १२० बिघ्यांचा चावर सर्वांत प्रसिद्ध, पण त्याहून लहान चावरही आढळतात, आणि झाडा लिहिणारा मान कधीच सांगत नाही, कारण गावात ते सर्वांना ठाऊकच असे. उत्तर कागदातूनच काढावे लागते. वजा रकान्यात चावर पुरे करून १०० बिघे सुटे उरले आहेत, म्हणजे चावर १०० बिघ्यांहून मोठा हवा. आता थळांची बेरीज ८०० बिघे येते आणि ती ६ चावर ८० बिघे या बाकीइतकी असायला हवी. ८० काढले की ७२० उरतात, त्यांना ६ ने भागले की १२०. वजाचा ताळाही जमतो : १५० आणि ३१० मिळून ४६०, म्हणजे १२० च्या चावराने बरोबर ३ चावर १०० बिघे. दोन्ही रकाने एकच मान देत असतील तर वाचन बरोबर आहे. एकच रकाना जुळत नसेल तर बहुधा त्या रकान्यातील एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो. कोणताच जुळत नसेल तर कागदाचा एखादा बंद गहाळ झाला आहे का, हे पाहावे. बंद एकाखाली एक चिकटवलेले असत आणि खळ सुकून सुटत.

यापुढचा प्रश्न बिघ्याचा, आणि सर्वांत जास्त मतभेद याच जागी आहेत. सभासद बखरीत (१६९७ च्या सुमारास) शिवकालीन मोजणीचे मान दिले आहे : पाच हात व पाच मुठींची काठी, हात चौदा तसूंचा, हात व मुठी मिळून काठीची लांबी ब्याऐंशी तसू, वीस काठ्या औरसचौरस तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. बिघ्याचा विसावा भाग म्हणजे पांड, तो वीस चौरस काठ्यांचा. बखर मोजणीनंतर काही वर्षांनी लिहिली गेली आणि तिच्या प्रतींत पाठभेद आहेत, म्हणून काही अभ्यासक ही मापे आदर्श समजतात, प्रत्यक्ष वापरातली नव्हे. तसूची लांबी तर बखर सांगतच नाही.

तरीही या मापांची एक पडताळणी करता येते. इंग्रजी अमदानीच्या आरंभी घाटावरील बिघा ठोकळमानाने पाऊण एकर धरला जाई. पाऊण एकर म्हणजे ३२,६७० चौरस फूट. तो चौरस मानला तर त्याची बाजू सुमारे १८० फूट ९ इंच येते. तिचे वीस भाग केले की काठी ९ फुटांहून किंचित जास्त, आणि काठीचे ब्याऐंशी भाग केले की तसू सुमारे १.३२ इंच. आता उलट जाऊ. असे चौदा तसू म्हणजे साडेअठरा इंच, आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी तेवढीच भरते. ब्याऐंशीतून पाच हातांचे सत्तर तसू वजा केले की पाच मुठींना बारा राहतात, म्हणजे एक मूठ सव्वातीन इंचांच्या आतबाहेर, आणि वळलेल्या मुठीची रुंदी तेवढीच असते. दोन वेगळ्या काळांतील, एकमेकांशी संबंध नसलेली विधाने माणसाच्या हातापाशी येऊन जुळतात. यावरून सभासदाचे मान निदान काही भागांत खरोखर चालत असावे, असे मानायला हरकत नाही. अर्थात पाऊण एकर हा आकडा स्वतःच ठोकळ आहे, त्यामुळे काठीची लांबी इंचाच्या अंशापर्यंत सांगणाऱ्या मांडण्या जपून घ्याव्यात.

वरील नमुन्यातील लागवडीचे ८०० बिघे या हिशेबाने ६०० एकर होतात. पण सरसकट असे रूपांतर करण्यात धोका आहे. पुष्कळ गावी बिघा हा क्षेत्राबरोबर कसाचाही मापक होता. काळ्या जमिनीचा बिघा काठीने भरेल तेवढा, आणि मुरमाड जमिनीचा मात्र तेवढाच धारा, म्हणजे सारा, झेपेल इतका ऐसपैस. त्यामुळे अव्वल, दूम, सीम अशी प्रतवारी न लिहिताही झाड्यातील बिघे आकारणीच्या दृष्टीने सारखे असू शकतात. ओळखण्याची खूण अशी : सर्व थळांवर दर बिघ्यास एकच दर लावलेला असेल आणि गावात उघडच हलकी व भारी जमीन असेल, तर तो बिघा क्षेत्राचा नाही. अशा झाड्यातील थळ आजच्या गट क्रमांकाच्या क्षेत्राशी जुळवायला गेल्यास हलक्या जमिनीत मोठा फरक पडतो आणि तो कोणी जमीन दाबल्याचा पुरावा ठरत नाही.

सालाचे वाचन त्यामानाने सोपे. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून वर : इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७० येतो. वर्ष मृगापासून मोजत, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे महिने १७७१ मध्ये पडतात. फसली सन दिला असेल तर तो सुहूर सनाहून नऊने जास्त असतो, म्हणजे येथे ११८०. दोन्ही दिले असता हा नऊचा फरक तपासून घ्यावा. ‘सबा’ (सात) आणि ‘सबैन’ (सत्तर) यांची गल्लत नेहमीची. ‘मया’ (शंभर) आणि ‘मयातैन’ (दोनशे) यांची झाली तर कागद शंभर वर्षे मागे जातो.

आकड्यांपुढच्या उभ्या रेघांनीही चुका होतात. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण : ‘१२॥।’ म्हणजे पावणेतेरा. देवनागरीत नक्कल करताना या रेघांचे एके झाले तर बाराचे हजारो होतात. शिवाय त्याच दोन रेघा शब्दाचा संक्षेप दाखवायलाही येतात, जसे ‘सु॥’, ‘प॥’ (परगणा). अक्षरापुढे आल्या तर संक्षेप आणि आकड्यापुढे आल्या तर अर्धा, एवढे ध्यानात ठेवले की बहुतेक जागी अडत नाही.

धाऱ्याचा भाग अनेक झाड्यांत त्रोटक असतो, कारण त्यासाठी जमाबंदीचे वेगळे कागद होत. कोकणात भातजमिनीचा आकार धान्याच्या खंडी-मणांत लावीत. तेथील कागदांची घडण वेगळी असून घाटावरच्या थळझाड्याचे नियम त्यांना लावता येत नाहीत.

१८३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची मोजणी सुरू झाली. बिघ्याच्या जागी एकर व गुंठा आले, थळाच्या जागी सर्व्हे नंबर आला. सरकारी हिशेबातून थळझाडा त्यामुळे गेला, तरी मिरासीच्या व इनामाच्या वादांत तो पुढेही पुरावा म्हणून हजर केला जाई. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. काही १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेल्यानंतरही घराण्यांकडेच राहिले.